अधिक १५९०: आय-ओ चार्टचा फोटो वाचताना

(स्मृतिव्याख्यानमालेत नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा छापील मजकूर)

१८३२ साली स्कॉटलंडमधल्या लीथ या बंदरात पटकीची साथ आली होती. थॉमस लॅटा या डॉक्टरसमोर एक वृद्ध बाई होती, जवळजवळ गेलेलीच. नाडी लागत नव्हती, डोळे खोल गेले होते. लॅटाने तिच्या शिरेत मीठ आणि सोडा मिसळलेलं कोमट पाणी सोडायला सुरुवात केली आणि अर्ध्या तासात सहा पाइंट, म्हणजे तीन लिटरच्या आसपास, पाणी आत गेलं. बाईचा श्वास मोकळा झाला, हातपाय गरम झाले, चेहऱ्यावर रंग आला. आता धोका टळला असं समजून लॅटाने तिला तिथल्या सर्जनच्या हवाली केलं आणि तो निघून गेला. पुढे उलट्या-जुलाब परत सुरू झाले. लॅटाला कोणी कळवलं नाही. तो गेल्यावर साडेपाच तासांत ती बाई गेली. हे सगळं त्याने स्वतःच 'लॅन्सेट'ला लिहिलेल्या पत्रात नोंदवून ठेवलं आहे.

शिरेतून सलाइन देण्याच्या इतिहासातला हा अगदी पहिला टप्पा. त्यात आत किती गेलं याचा हिशोब पक्का आहे, पण नंतर बाहेर किती गेलं त्याचा नाही. आजही वॉर्डातला आय-ओ चार्ट बहुतेक वेळा इथेच लंगडा पडतो. सलाइनच्या बाटलीवर ५०० छापलेलं असतं, म्हणून डावीकडची बाजू आपोआप नीट भरली जाते. उजवीकडची बाजू मात्र बेडपॅन, युरोबॅग, उलटीचा ट्रे आणि नातेवाइकांची आठवण यांच्यावर अवलंबून असते.

त्यात आता हा चार्ट फोटो होऊन फिरतो. रात्रपाळीची सिस्टर निवासी डॉक्टरला पाठवते, डॉक्टर वरिष्ठांना पाठवतो, ट्यूटर तोच फोटो वर्गाच्या पडद्यावर लावते आणि विचारते, 'सांगा, पेशंट कोरडा आहे की ओला?' मुलं थेट खालच्या उजव्या कोपऱ्यात बघतात. तिथे अधिक किंवा उणे चिन्ह लावून एक आकडा असतो. अधिक असेल तर पाणी जास्त, उणे असेल तर कमी, असं उत्तर येतं. या व्याख्यानाचा सगळा रोख त्या कोपऱ्यातल्या आकड्यावर आहे. तो सगळ्यात शेवटी वाचायचा असतो, आणि पुष्कळदा वाचून बाजूला ठेवायचा असतो.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवलं की हे स्पष्ट होईल. रुग्ण आणि आकडे शिकवण्यासाठी रचलेले आहेत, पण त्यातली प्रत्येक चूक कुठल्याही मेडिसिन वॉर्डात सापडेल अशी आहे.

बाई ६६ वर्षांच्या. दोन वर्षांपूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, त्यामुळे हृदयाची ताकद थोडी कमी. आदल्या दिवसापासून जुलाब आणि उलट्या. सकाळी ८ वाजता भरती केलं तेव्हा वजन ५० किलो. सुनेने पिशवीतून जुनं ओपीडी कार्ड काढून दाखवलं, त्यावर पंधरा दिवसांपूर्वीचं वजन ५२.५ किलो होतं. हा जुना आकडा लक्षात ठेवावा, तो पुढे फार कामाला येणार आहे.

पहिला फोटो त्याच दिवशी रात्री ८ वाजून १० मिनिटांचा. जमेच्या बाजूला रिंगर लॅक्टेट ५००, नॉर्मल सलाइन ५००, पुन्हा रिंगर लॅक्टेट ५००. तोंडाने ओआरएस २०० मिलीप्रमाणे तीन वेळा. बेरीज २१००. खर्चाच्या बाजूला लघवी सकाळी १० वाजता १५०, दुपारी २ वाजता १००, संध्याकाळी साडेसहाला ६०. उलटी ९ वाजता २००. लघवी आणि उलटी मिळून ५१०. खाली लाल पेनने गोल करून लिहिलेलं: अधिक १५९०.

हृदयाचा रुग्ण आणि बारा तासांत दीड लिटरहून जास्त पाणी अंगात. 'सलाइन बंद करा' असं म्हणायला वर्गातले निम्मे हात वर येतात.

पण आधी फोटोच नीट बघायला हवा. चार्ट हातात असताना जे प्रश्न पडत नाहीत ते फोटोत पडलेच पाहिजेत. पान पूर्ण आलं आहे का? वरची पट्टी कापली गेली असेल तर तारीख आणि बेड नंबर दोन्ही गेले, आणि मग कालच्या पानाचा फोटो आजचा म्हणून वाचला जातो. मोबाइलवर दिसणारी वेळ फोटो पाठवल्याची असते. चार्ट किती वाजेपर्यंत भरलेला आहे हे फक्त शेवटच्या नोंदीसमोरची वेळ सांगते. उजवीकडची कड कापली असेल तर ड्रेन किंवा रायल्स ट्यूबचा रकाना तिकडेच राहून गेलेला असू शकतो. प्लॅस्टिकच्या कव्हरवर दिवा चमकला की त्याखालचे दोन-तीन आकडे नाहीसे होतात, आणि बघणाऱ्याला तिथे कोरी जागा आहे असंच वाटतं. हाताने लिहिलेला इंग्रजी १ आणि ७, देवनागरीतला १ आणि ९ अंधुक फोटोत एकसारखे दिसतात. मोठा करून बघूनही शंका राहिली तर विचारावं, कारण १०० आणि ७०० यांत रुग्णाचं निदानच बदलतं. फोटो काढणाऱ्यानेही पान सपाट ठेवून, वरून सरळ, चारही कडा येतील असा काढावा. रुग्णाचं नाव झाकायचं असेल तर ते कागदाच्या पट्टीने झाकावं, पण रुग्णालयाच्या पद्धतीप्रमाणे ओळख पटेल असा आयपीडी नंबर, बेड, तारीख आणि वेळ उघडी राहिली पाहिजे. शिकवण्यासाठी फोटो दाखवताना मात्र ओळख पटवणारं काहीच ठेवू नये. २०२३ चा वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा असो वा नसो, वॉर्डातला कागद मित्रमंडळींच्या ग्रुपवर जाता कामा नये.

आता या फोटोतल्या कोऱ्या जागांकडे वळू. जुलाबाच्या रकान्यात सकाळी '३ वेळा', दुपारी '२ वेळा' असं लिहिलं आहे. मिली कुठेच नाहीत. दुपारी १२ वाजता उलटीच्या रकान्यात अधिकची दोन चिन्हं आहेत, आकडा नाही. बेरीज करणाऱ्याने जिथे आकडा दिसला तो घेतला, जिथे दिसला नाही तिथे शून्य धरलं. चार्टवर शून्य आणि कोरी जागा यांत जमीनअस्मानाचा फरक असतो. शून्य म्हणजे कोणीतरी बघितलं आणि काही नव्हतं. कोरी जागा म्हणजे कोणी बघितलंच नाही, किंवा बघितलं पण मोजलं नाही.

अंदाजाने या जागा भरून बघू. पाण्यासारखा जुलाब एका वेळी २५० मिली धरला तर पाच वेळांचे १२५०. दुपारची उलटी १५० धरू. शिवाय कातडी आणि श्वासातून न दिसता जाणारं पाणी मोठ्या माणसात दिवसाला किलोमागे १० मिलीच्या आसपास असतं, म्हणजे ५० किलोला दिवसाचे ५००, बारा तासांचे २५०. ताप असेल तर त्याहून जास्त. थोडा ताप होता, म्हणून ३०० धरू. लिहिलेले ५१०, त्यात हे १२५०, १५० आणि ३०० मिळवले की खर्च २२१० होतो. जमा २१०० होती. म्हणजे शिल्लक अधिक १५९० नसून उणे ११० च्या जवळपास आहे.

हा अंदाजच आहे, प्रत्येक जुलाब २५० चा असेल असं कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. १५० धरला तरी पाचशे मिलीने उत्तर सरकतं. पण कुठलाही अंदाज घेतला तरी दीड लिटर जादा पाणी बसत नाही. आणि मूळ तूट अजून बाकीच आहे. बाई आल्या तेव्हाच आपल्या नेहमीच्या वजनापेक्षा अडीच किलोने कमी होत्या. इतक्या थोड्या दिवसांत चरबी किंवा स्नायू अडीच किलोने घटत नाहीत, जातं ते पाणी, आणि एक लिटर पाण्याचं वजन एक किलो असतं. दिवसभर तीन बाटल्या आणि ओआरएस देऊन फक्त चालू गळती भरून निघाली, आधीचा खड्डा तसाच राहिला.

लघवीचा रकाना हेच सांगतो, पण तो वाचायचीही एक रीत आहे. मोठ्या माणसात तासाला किलोमागे निदान अर्धा मिली लघवी हवी, म्हणजे या बाईंना तासाला २५ मिली. बारा तासांत ३१० मिली झाली, भागाकार केला तर तासाला जवळजवळ २६. काठावर का होईना, पास. सरासरी घेऊन थांबलं की रुग्ण सुटतो तो इथेच. सकाळी १० ची १५० मिली ही फक्त दोन तासांची लघवी नव्हती, त्यात भरतीआधी मूत्राशयात साठलेलीही होती. ती बाजूला ठेवून पुढचं बघावं. १० ते २ या चार तासांत १००, म्हणजे तासाला २५. दोन ते साडेसहा या साडेचार तासांत ६०, म्हणजे तासाला १३. दहापासून साडेसहापर्यंत साडेआठ तासांत मिळून १६०, म्हणजे तासाला १९ च्या आत. मूत्रपिंडाच्या तीव्र इजेसाठी २०१२ च्या केडिगो मार्गदर्शिकेत लघवीची जी पहिली पायरी दिली आहे ती म्हणजे किलोमागे तासाला अर्ध्या मिलीपेक्षा कमी, सलग सहा तास. बाई ती पायरी ओलांडून बसल्या होत्या आणि कागदावर अधिक १५९० असं लाल गोलात लिहिलेलं होतं.

मग कागद सोडून रुग्णाकडे जायचं. नाडी ११२, रक्तदाब ९६/६०, जीभ कोरडी, लघवी गडद, नखाचा रंग परतायला तीन सेकंदांहून जास्त. वयस्क माणसाच्या हाताची कातडी चिमटीत धरून बघण्यात अर्थ नसतो, ती वयानेच सैल झालेली असते. छातीच्या हाडावर बघितलं तर थोडं कळतं, जिभेवरून जास्त कळतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, छातीत खरखर नाही, पाय सुजलेले नाहीत, ऑक्सिजन ९७ टक्के. कोरडा रुग्ण.

डॉक्टरला फोन करताना नर्सने काय बोलावं? 'सर, बॅलन्स पॉझिटिव्ह आहे' एवढंच सांगितलं तर समोरचा झोपेत 'सलाइन स्लो करा' म्हणेल. बोलणं असं हवं: 'सर, बेड ७, गॅस्ट्रोच्या आजी, जुना हार्टचा त्रास आहे. चार्टवर अधिक १५९० दिसतंय, पण त्यात पाच जुलाब मोजलेले नाहीत. दहापासून साडेआठ तासांत लघवी फक्त १६०, वजन ५०. पल्स ११२, बीपी ९६ बाय ६०, छाती क्लिअर, सॅच्युरेशन ९७. नेहमीचं वजन ५२.५ होतं. तुम्ही येऊन बघता का, आणि कॅथेटर टाकून तासाचं युरिन मोजू का?' यात मत कमी आणि माहिती जास्त आहे. सलाइनचा वेग ठरवायचा तो डॉक्टरने, पण कुठल्या आकड्यावर तो ठरवायचा हे नर्सच्या हातात असतं.

डॉक्टर आले, सलाइन वाढवलं, कॅथेटर टाकला. त्या रात्री ८ ते सकाळी ८ जमा १८००, लघवी ५००, आता भांड्यात मोजलेले जुलाब ३००. दुसऱ्या दिवशी सकाळी वजन ५०.६. दिशा बरोबर होती.

इथे युरोबॅगबद्दल एक गोष्ट सांगून ठेवायला हवी. बॅगवर छापलेल्या रेघा लटकलेल्या, फुगलेल्या प्लॅस्टिकवर वाचायच्या असतात, त्यांत शंभरेक मिलीचा फरक सहज पडतो. मापाच्या भांड्यात ओतून, भांडं टेबलावर ठेवून, डोळा रेषेच्या पातळीला आणून वाचावं. आणि लघवी हळूहळू कमी होत गेली तर ती रुग्णाची गोष्ट, पण तासाला ४० येत असताना अचानक शून्य झाली तर आधी नळी बघावी. ती रुग्णाच्या मांडीखाली दाबली गेली असेल, पिळली असेल, गाठीने तुंबली असेल. ओटीपोट फुगलेलं हाताला लागलं तर लघवी तयार होते आहे, फक्त वाट अडली आहे. अशा वेळी सलाइन वाढवणं म्हणजे भलत्याच ठिकाणी औषध.

आता दुसरा फोटो. चौथ्या दिवशी सकाळी ८ चा, तिसऱ्या दिवसाच्या पूर्ण चोवीस तासांचा. सलाइन तासाला १०० मिलीने चालू, दिवसाचे २४००. तोंडाने ९००. जमा ३३००. लघवी १४००, जुलाब शून्य, उलटी शून्य. शिल्लक अधिक १९००.

पहिल्या फोटोत फसलेले विद्यार्थी इथे शहाणे झालेले असतात आणि म्हणतात की अधिकवर विश्वास नको, लघवी बघू. लघवी १४००, म्हणजे तासाला ५८ मिली, हव्या त्याच्या दुप्पट. मग सगळं ठीक. आणि ते पुन्हा फसतात, या वेळी उलट्या बाजूने. लघवी चांगली होते याचा अर्थ मूत्रपिंडापर्यंत रक्त पोहोचतं आहे इतकाच. अंगात पाणी जास्त नाही, असा त्याचा अर्थ होत नाही.

एका दिवसाच्या पानावर हे दिसतच नाही, कारण प्रत्येक पान रोज सकाळी शून्यापासून सुरू होतं. म्हणून मागच्या दिवसांचे फोटो मागवावे लागतात. पहिल्या दिवशी कागदावर २५९० अधिक होते, दिवसाचे १५९० आणि रात्रीचे १०००. दुसऱ्या दिवशी जमा ३३००, लघवी १३०० आणि दुपारपर्यंतचे जुलाब ३००, म्हणजे १७०० अधिक. तिसऱ्या दिवशी १९००. तीन दिवसांची कागदावरची एकूण जमा ६१९० मिली. सहा लिटर! ५० किलोच्या बाईंचं वजन ५६ व्हायला हवं.

वजनाच्या चार्टचा फोटो वेगळा मागवला. भरतीला ५०.०, दुसऱ्या दिवशी ५०.६, तिसऱ्या दिवशी ५२.१, चौथ्या दिवशी ५३.८. वाढ ३.८ किलो, ६.२ नाही.

या दोन आकड्यांमधले २४०० मिली कुठे गेले ते शोधणं हा या चार्टमधला सगळ्यात मजेचा भाग आहे. पहिल्या बारा तासांत कागद आणि अंदाज यांत १७०० चा फरक होता, तो आपण आधीच पाहिला. त्यानंतरची रात्र आणि दोन दिवस यांत न दिसता गेलेलं पाणी २५०, ५५० आणि ५५०, मिळून १३५०. दोन्ही मिळून ३०५० होतात, म्हणजे आता ६५० उरायला लागले. हे ६५० कागदावर न आलेली जमा असणार. औषधांचा चार्ट उघडला तर ती सापडते. दुसऱ्या दिवसापासून मेट्रोनिडाझोलची १०० मिलीची बाटली आठ तासांनी एक, दिवसाला तीन, दोन दिवसांत ६००. औषध म्हणून ती औषधांच्या कागदावर टिकमार्क होऊन गेली, पाणी म्हणून आय-ओ चार्टवर कोणी लिहिली नाही. उरलेले ५० मिली हा वजनकाट्याचा आणि अंदाजाचा खेळ आहे, तो सोडून द्यावा. खऱ्या चार्टवर हिशोब इतका जुळत नाही हेही सांगायला हवं. अर्ध्या लिटरचा फरक राहिला तरी पुष्कळ जुळलं म्हणायचं.

म्हणूनच चार्ट आणि वजन यांत भांडण लागलं तर वजनाच्या बाजूने उभं राहावं, अट एवढीच की वजन नीट केलेलं असावं. रोज त्याच काट्यावर, सकाळी त्याच वेळेला, लघवी झाल्यावर, नाश्त्याआधी, तेवढ्याच कपड्यांत. युरोबॅग रिकामी करून. शाल आणि चपला घालून उभं केलेलं वजन चार्टपेक्षाही खोटं बोलतं.

आता वजनांची रांग पुन्हा वाचू. तिसऱ्या दिवशी सकाळी ५२.१. नेहमीचं ५२.५. जुलाब आदल्या दुपारपासून थांबलेले, बाई पेज आणि पाणी पितायत. निर्जलीकरण त्या सकाळी संपलेलं होतं. तासाला १०० मिली लिहिलेली ऑर्डर मात्र कोणी बदलली नाही, कारण त्या सकाळच्या पानावर धोक्याचं काहीच दिसत नव्हतं. पुढच्या चोवीस तासांत १.७ किलो वाढले. सुदृढ माणसात मूत्रपिंडं हे जादा पाणी बाहेर काढून टाकतात. दुबळ्या हृदयाच्या माणसात ते मागे साचतं. तोंडाने नीट पिणाऱ्या माणसाला सलाइनची गरज तशीही उरत नाही. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१३ मध्ये दिलेलं रोजच्या गरजेचं माप किलोमागे २५ ते ३० मिली आहे, म्हणजे या बाईंना सव्वा ते दीड लिटर, वयस्क आणि हृदयाच्या रुग्णाला त्याहूनही कमी. त्या दिवशी त्यांना औषधासह ३६०० मिळाले.

नॉर्मल सलाइनच्या एका लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ असतं, हेही विसरून चालत नाही. घरी 'खारट खाऊ नका' असं बजावलेल्या रुग्णाला तेवढं मीठ शिरेतून जातं, आणि ते आपल्याबरोबर पाणी धरून ठेवतं.

पुन्हा रुग्णाकडे. रात्री दोन उश्या मागितल्या होत्या, तीनला उठून बसल्या होत्या. सुनेने सांगितलं की खोकला येतोय. श्वास मिनिटाला २६, ऑक्सिजन ९२, फुप्फुसांच्या तळाशी दोन्हीकडे खरखर, घोट्यावर बोट दाबलं की खळगा राहतो. नाडी आजही जलद, १०४. जलद नाडी कोरड्या माणसातही असते आणि ओल्या माणसातही, त्यामुळे एकटी ती काही ठरवत नाही. ओला रुग्ण. एकच बाई, अडीच दिवसांच्या अंतराने घेतलेले दोन फोटो, दोन्हींवर अधिकचं चिन्ह आणि दोन विरुद्ध निदानं.

लघवीच्या आकड्यावर विसंबू नये अशा आणखी काही जागा आहेत. साखर खूप वाढलेल्या रुग्णाला लघवीतून साखर जाते आणि ती पाणी ओढून नेते. चार्टवर लघवी तीन-तीन लिटर दिसते आणि रुग्ण आतून वाळत असतो. फुरोसेमाइडचं इंजेक्शन दिल्यावरची लघवी ही औषधाची लघवी असते, अंगात पाणी पुरेसं असल्याची पावती नव्हे. म्हणून आय-ओ चार्ट वाचताना औषधांचा चार्ट शेजारी हवाच.

डेंग्यूचा रुग्ण ही तर वेगळीच गोष्ट, आणि महाराष्ट्रात पावसाळा संपता संपता वॉर्ड त्यांनी भरलेले असतात. ताप उतरण्याच्या सुमारास एक ते दोन दिवस केशवाहिन्या गळतात. पाणी अंगातच असतं, पण रक्तवाहिन्यांबाहेर, पोटात आणि छातीच्या पोकळीत. वजन वाढतं, शिल्लक अधिक दिसते, आणि रुग्ण शॉककडे चाललेला असतो. तिथे चार्टच्या जोडीला हिमॅटोक्रिट लागतो. तो चढत असेल आणि नाडीचा दाब अरुंद होत असेल तर आतली नदी आटते आहे. मग गळती थांबते, बाहेरचं पाणी आपणहून रक्तात परततं, हिमॅटोक्रिट उतरतो, आणि आदल्या दिवसाच्या वेगाने सलाइन चालूच राहिलं तर आता ते फुप्फुसात जातं. अशा रुग्णाचा आय-ओ चार्ट चोवीस तासांनी बेरीज करून वाचण्याचा नसतो, तो तासातासाला वाचावा लागतो.

बेड ७ कडे परत येऊ. फोन झाला, डॉक्टर आले, सलाइन बंद केलं, फुरोसेमाइड दिलं, पोटॅशियम तपासायला रक्त पाठवलं. मेट्रोनिडाझोल चालू राहिलं, पण आता त्याचे ३०० मिली आय-ओ चार्टवरही आले. पुढच्या चोवीस तासांत जमा १२००, लघवी २१५०. कागदावर उणे ९५०, न दिसणारं पाणी धरून उणे दीड लिटर. पाचव्या दिवशी सकाळी वजन ५२.३, ऑक्सिजन ९६, बाई एका उशीवर झोपल्या.

त्याच दिवशी दुपारी कॅथेटर काढला. यानंतरच्या फोटोत एक नवा दोष दिसू लागतो. रुग्ण चालत संडासला जातो आणि लघवीच्या रकान्यात आकड्यांऐवजी टिकमार्क येऊ लागतात. हे टाळायचं तर कॅथेटर काढतानाच बेड नंबर लिहिलेलं मापाचं भांडं संडासात ठेवावं, आजी आणि सून दोघींना दाखवून सांगावं, आणि कॅथेटर काढल्यावर पहिली लघवी किती वाजता आणि किती झाली हे वेगळ्या ओळीत लिहावं. सहा तास उलटले तरी ती ओळ कोरी असेल तर ओटीपोट तपासून डॉक्टरला कळवावं. सुनेच्या हातातली पाण्याची बाटली एक लिटरची होती की अर्ध्या, हेही त्याच वेळी विचारून घ्यावं.